भरल्या पोटी झोपेची गोळी

झोपेची गोळी घेणाऱ्यांची एक तक्रार डॉक्टरांच्या कानावर वारंवार येते. ‘पहिले काही दिवस गोळीनं छान झोप लागायची, आता कधी लागते, कधी लागतच नाही. गोळी तीच, कंपनी तीच, डोसही तोच.’ मग कुणाला वाटतं शरीराला सवय झाली, कुणाला गोळ्या बनावट असल्याचा संशय येतो, तर कुणी परस्पर एकाच्या दोन गोळ्या करतं. ही कारणं कधीकधी खरी असतातही. पण डॉक्टरांनी आधी विचारायचा प्रश्न त्याहून साधा आहे: त्या रात्री काय जेवलात आणि जेवणानंतर किती वेळानं गोळी घेतलीत?

आपल्याकडे औषध आणि जेवण यांचा संबंध ‘जेवणाआधी’ किंवा ‘जेवणानंतर’ एवढ्यावर संपतो. बहुतेक गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, म्हणजे पित्त होत नाही, ही समजूत तर घराघरांत आहे. वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याच जणींना ती लागूही पडते. त्याच सवयीनं झोपेची गोळीही रात्रीच्या जेवणाच्या ताटाशेजारी येऊन बसते. हात धुतले, गोळी घेतली, टीव्ही बंद केला आणि आडवं झालं, असा क्रम असतो. काही झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र हाच क्रम झोपेच्या आड येतो.

यातली सगळ्यांत माहितीची गोळी म्हणजे झोल्पिडेम. अमेरिकेत तिला 1992 मध्ये मान्यता मिळाली आणि जगभर ती खूप वापरली गेली. भारतात ती ‘शेड्यूल एच-1’मध्ये मोडते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय केमिस्टनं ती देता कामा नये आणि दिली की वहीत तशी नोंद ठेवावी लागते. लवकर चढायची आणि लवकर उतरायची, ही या गोळीची खासियत. रक्तातलं तिचं प्रमाण साधारण अडीच तासांत निम्म्यावर येतं. अंथरुणावर पडल्यावर तासन् तास डोळा न लागणाऱ्यांसाठी ती म्हणूनच सोयीची ठरली. पण ‘लवकर चढणं’ हे पोट रिकामं आहे की भरलेलं, यावर बरंचसं अवलंबून असतं.

या गोळीच्या अधिकृत माहितीपत्रकात त्याचा एक प्रयोग नोंदवलेला आहे. 30 निरोगी पुरुषांना 10 मिलिग्रॅमची गोळी एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवणानंतर 20 मिनिटांनी दिली आणि त्यांच्या रक्तातलं औषध मोजलं. उपाशीपोटी घेतलेलं औषध रक्तात सर्वाधिक प्रमाणाला सरासरी 1.4 तासांत, म्हणजे साधारण 1 तास 24 मिनिटांत पोचलं. जेवणानंतर घेतलेल्या गोळीला 2.2 तास, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास वेळ लागला. शिवाय ते सर्वाधिक प्रमाणही 25 टक्क्यांनी कमी भरलं आणि रक्तात पोचलेलं एकूण औषध 15 टक्क्यांनी घटलं. शरीरातून औषध बाहेर पडायचा वेग मात्र तोच राहिला.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. जेवणामुळे गोळी यायला उशीर होतो, पण आल्यानंतर ती नेहमीच्याच गतीनं जाते. सगळा कार्यक्रम पुढे सरकतो आणि चढ जरा बुटका होतो. झोप लागण्याच्या दृष्टीनं ही दुहेरी अडचण आहे. झोप येण्यासाठी औषधानं शिखर गाठावं लागत नाही, चढताना एका पातळीपाशी ते पोचलं की डोळे मिटायला लागतात. उपाशीपोटी ही पातळी बऱ्याच जणांना अर्ध्या तासाच्या आत गाठता येते. भरल्या पोटी चढच मंद असतो, त्यामुळे ती पातळी उशिरा येते, आणि त्या दरम्यान माणूस अंथरुणावर कूस बदलत, घड्याळाकडे बघत, ‘गोळी लागू पडली नाही’ असं ठरवून मोकळा होतो.

पोटात नेमकं काय होतं

गोळी पोटात विरघळते, पण रक्तात जाते ती मुख्यतः लहान आतड्यातून. जठराचं अस्तर औषध शोषून घेण्यात फारसं तरबेज नाही. लहान आतड्याचा पृष्ठभाग मात्र घड्या आणि केसांसारख्या उंचवट्यांमुळे प्रचंड मोठा असतो, आणि तिथे पोचलेलं औषध झपाट्यानं आत घेतलं जातं. म्हणून गोळी किती लवकर चढेल हे ठरतं ते जठरातून पुढे कधी सरकते त्यावर.

रिकाम्या पोटी घेतलेला ग्लासभर पाण्याचा घोट जठरात फार वेळ थांबत नाही. विरघळलेली गोळी त्या पाण्याबरोबर लवकर लहान आतड्यात उतरते. भरल्या पोटी चित्र बदलतं. जठराचा वरचा भाग सैल होऊन अन्न साठवून धरतो, खालचा भाग ते घुसळत राहतो आणि एक-दोन मिलिमीटर इतके बारीक कण झाले तरच त्यांना बाहेरच्या अरुंद दारातून पुढे जाऊ देतो. पुढे किती जाऊ द्यायचं, याचा हुकूम लहान आतडं देतं. धरणात पाणी कितीही असलं तरी खालच्या कालव्याला झेपेल एवढाच विसर्ग सोडतात, तसाच हा प्रकार. विसर्ग साधारण मिनिटाला 2 ते 4 किलोकॅलरी इतका असतो. 900 किलोकॅलरींचं भरगच्च जेवण झालं असेल, तर या हिशेबानं पोट हलकं व्हायला चार तास तरी लागतात. गोळी त्या राशीत मिसळलेली असते, आणि ती हप्त्याहप्त्यानं पुढे जाते.

या विसर्गावर सर्वांत मोठा लगाम घालतं ते स्निग्ध. तूप, तेल, लोणी, खवा, नारळाचं दाट दूध यांतली चरबी लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक स्रवतं. ते पित्ताशयाला पित्त सोडायला लावतं आणि जठराला ‘थांब’ म्हणून सांगतं. चरबी पचवायला वेळ लागतो, तो मिळावा म्हणून शरीरानं केलेली ही व्यवस्था आहे. म्हणूनच औषधावर अन्नाचा परिणाम तपासताना संशोधक मुद्दाम तुपकट जेवण निवडतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनात अशा जेवणात 800 ते 1000 किलोकॅलरी असाव्यात आणि त्यांतल्या निम्म्या चरबीतून याव्यात, असं म्हटलं आहे. लोण्यात तळलेली दोन अंडी, बेकन, लोणी लावलेले टोस्ट, तळलेला बटाटा आणि ग्लासभर साईचं दूध, असा त्याचा नमुना दिला जातो. लग्नाच्या रिसेप्शनला पनीर माखनी, पुलाव, दोन पुऱ्या आणि रबडी-जिलेबी खाऊन आलेल्या माणसाला हे वाचून हसू येईल, कारण त्यानं न सांगता हा प्रयोग आधीच केलेला असतो.

एका होळीच्या रात्रीचा हिशेब

आता हे आकडे एका रात्रीवर बसवून पाहू. समजा, सत्तरीला टेकलेल्या एक काकू आहेत. त्यांना डॉक्टरांनी 5 मिलिग्रॅमची झोल्पिडेम दिली आहे, कारण या वयात यकृत औषध सावकाश काढून टाकतं आणि डोस कमीच ठेवावा लागतो. रोज त्या साडेसातला ज्वारीची भाकरी, भाजी आणि वाटीभर वरण जेवतात, सव्वादहाला अंथरुणावर बसूनच गोळी घेतात आणि पावणेअकरापर्यंत झोपतात. जेवण आणि गोळी यांत पावणेतीन तास गेलेले असतात, जेवणही हलकं असतं. गोळीपुढे अडथळा नसतो.

होळीच्या रात्री घरात पाहुणे. होळी पेटवून, नैवेद्य दाखवून पानं वाढेपर्यंत नऊ वाजले. तुपाची धार सोडलेल्या दोन पुरणपोळ्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, भजी, वर वाटीभर दूध. साडेनऊला जेवण संपलं. दमलेल्या काकूंनी दहा वाजता गोळी घेतली आणि सव्वादहाला दिवा मालवला. प्रयोगातल्या सरासरीप्रमाणे पाहिलं तर ही गोळी रक्तात शिखराला पोचणार रात्री बारा वाजून गेल्यावर. काकूंना हे ठाऊक नाही. सव्वाअकरा झाले तरी झोप नाही, तेव्हा त्यांनी उठून दुसरी गोळी घेतली.

चूक इथे होते. पहिली गोळी निकामी गेलेली नाही, ती पुरणाबरोबर जठरात आहे. दुसरीही त्याच राशीत जाऊन मिसळली. दीडच्या सुमाराला दोन्ही गोळ्यांचं औषध एकदम रक्तात असेल. काकूंना गाढ झोप लागेल, आणि त्या म्हणतील, दुसरी गोळी घेतली म्हणून लागली. पहाटे साडेपाचला त्या लघवीसाठी उठतील तेव्हा शिखर गाठून चारच तास झालेले असतील. ज्येष्ठांमध्ये औषध निम्म्यावर यायला अडीच तासांपेक्षा जास्त वेळ लागतो, हे धरलं तर त्या घडीलाही रक्तात बरंच औषध उरलेलं असेल. म्हणजे काकू गोळीच्या अमलाखालीच अंधारात बाथरूमकडे चालत जातील. या वयात खुब्याचं हाड मोडण्याची गोष्ट बऱ्याचदा अशीच सुरू होते.

हे आकडे सरासरीचे आहेत, प्रत्येकाचं पोट वेगळ्या वेगानं रिकामं होतं. तरी दिशा बदलत नाही. जड जेवणानंतर गोळी उशिरा चढते, आणि त्या उशिरावर उतारा म्हणून दुसरी गोळी घेणं हा यातला सर्वांत धोकादायक भाग आहे. झोल्पिडेमच्या माहितीपत्रकात एका रात्रीत एकच मात्रा, पुन्हा घ्यायची नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

सकाळच्या उरलेल्या अमलाकडे औषध नियंत्रकांनी गंभीरपणे पाहिलं आहे. 2013 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं स्त्रियांसाठी झोल्पिडेमचा शिफारस केलेला डोस 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणला. 10 मिलिग्रॅम घेतल्यानंतर जवळपास आठ तासांनीही सुमारे 15 टक्के स्त्रियांच्या रक्तात गाडी चालवण्याला बाधा आणू शकेल एवढं औषध आढळलं होतं, पुरुषांमध्ये हे प्रमाण 3 टक्के होतं. जेवणामुळे गोळी तास-दीड तास उशिरा चढली, तर सकाळचा हा अंमलही तेवढाच पुढे सरकतो. आठला स्कूटर काढणाऱ्या शिक्षिकेसाठी ही किरकोळ बाब नाही.

बाकीच्या गोळ्यांचं काय?

सावकाश विरघळणारी, दोन थरांची झोल्पिडेम मिळते, तिच्यावर जेवणाचा परिणाम आणखी ठळक आहे. शिखराची वेळ 2 तासांवरून 4 तासांवर जाते. ही गोळी चावून किंवा कुटून लवकर चढवायचा प्रयत्न काही जण करतात. तो करू नये, कारण रात्रभर पुरवायचं औषध मग एकदम बाहेर पडतं.

एस्झोपिक्लोन या गोळीत तुपकट जेवणानंतर शिखर सुमारे तासभर उशिरा येतं आणि 21 टक्क्यांनी बुटकं होतं, पण एकूण औषध तेवढंच पोचतं. मेंदूला जागं ठेवणारा संदेश अडवणाऱ्या नव्या गोळ्याही यातून सुटलेल्या नाहीत. सुव्होरेक्संटला साधारण दीड तास, लेम्बोरेक्संटला दोन तास उशीर होतो.

मध्यरात्री जाग येणाऱ्यांना दिली जाणारी कमी डोसची डॉक्सेपिन मात्र वेगळ्या वळणाची आहे. तुपकट जेवणाबरोबर ती रक्तात कमी न जाता 41 टक्के जास्त जाते, आणि शिखर सुमारे तीन तास पुढे सरकतं. उशीर आणि वाढ एकत्र आल्यानं दुसऱ्या दिवशीची सुस्ती वाढू शकते. म्हणून जेवणानंतर तीन तासांच्या आत ही गोळी घेऊ नये, असं तिच्या माहितीपत्रकात सांगितलेलं आहे. थोडक्यात, एका गोळीचा नियम दुसरीला आंधळेपणानं लावायचा नाही. आपली गोळी नेमकी कोणती, हे ब्रँडच्या नावाखाली छापलेल्या औषधाच्या नावावरून पाहायचं आणि तिच्याबद्दल डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारायचं.

मग वेळ कोणती?

झोल्पिडेमचं माहितीपत्रक ‘जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर नको’ एवढंच सांगतं, तास ठरवून देत नाही. पण पोट रिकामं व्हायचा वेग पाहता व्यवहारात बसणारा नियम असा: साध्या जेवणानंतर दोन तास आणि तुपकट, भरपेट जेवणानंतर निदान तीन तास जाऊ द्यावेत. आठला जेवलात तर दहा-साडेदहाची गोळी उत्तम बसते. ती साध्या पाण्याबरोबर घ्यावी. भुकेनं पोटात कावळे ओरडत असतील तर झोप येत नाही, त्यामुळे उपाशी झोपायची गरज नाही. जेवण मऊ भात-वरण, भाकरी-भाजी असं हलकं आणि लवकर असावं, एवढंच.

दुसरी वेळ याहून काटेकोर आहे. गोळी घ्यायची ती अंथरुणात शिरताना, आधी नाही. जेवणामुळे उशीर होतो हे कळल्यावर काही हुशार माणसं उलटा हिशेब करतात: गोळी जेवणाबरोबरच घेतली की झोपायच्या वेळेपर्यंत ती ‘तयार’ होईल. हे करू नका. उशीर किती होईल हे रोजच्या ताटावर ठरतं आणि ते आधी सांगता येत नाही. एखाद्या दिवशी जेवण हलकं असलं तर भांडी घासताना किंवा जिना उतरताना अंमल चढेल. अशा अर्धवट अंमलात माणूस चालतो, बोलतो, गॅस पेटवतो, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. झोपेत चालण्याच्या आणि गाडी चालवण्याच्या घटनांमुळेच 2019 मध्ये अमेरिकेत या गटातल्या औषधांवर चौकटीतला कडक इशारा छापणं सक्तीचं झालं.

तिसरं गणित सकाळच्या बाजूनं करायचं. गोळी घेतल्यानंतर सात-आठ तास अंथरुणात राहता आलं पाहिजे. लग्नाहून रात्री अकराला जेवून घरी आलात आणि सकाळी सहाला निघायचं आहे, तर तीन तास थांबून गोळी घेण्याला अर्थ नाही, लगेच घेण्यालाही नाही. गोळी कधीतरीच घेणाऱ्यानं ती रात्र गोळीविना काढावी. जे महिनोन् महिने रोज घेतात, त्यांनी मात्र मनानं बंद करू नये, कारण ती एकदम सोडली तर झोप आणखी बिघडते आणि क्वचित फेफरंही येऊ शकतं. अशा रात्री काय करायचं, हे त्यांनी सणासुदीच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. दारू घेतली असेल त्या रात्री मात्र गोळी घेण्याचा विचारच नको. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतात.

दुकान दहाला बंद करून साडेदहाला जेवणाऱ्यांचा प्रश्न खरा आहे. त्यांच्यासाठी उपाय गोळीत नाही, ताटात आहे. पोटभर खाणं सहा-सातच्या सुमाराला दुकानातच डब्यातून उरकायचं आणि घरी आल्यावर वाटीभर भात-ताक किंवा फळ एवढ्यावर भागवायचं. घरच्यांबरोबर बसायचं सुखही सुटत नाही आणि गोळीची वाटही मोकळी राहते.

काहींचं पोट मुळातच संथ असतं. वर्षानुवर्षांच्या मधुमेहात जठराच्या मज्जातंतूंना इजा झाली की दुपारचं अन्न रात्रीपर्यंत रेंगाळतं. थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटणं, तासन् तासांनी न पचलेलं अन्न वर येणं, ही त्याची लक्षणं. वजन आणि साखर कमी करण्यासाठी घेतली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंही जठराचा वेग कमी करतात. अशांना दोन-तीन तासांचा हिशेब पुरेलच असं नाही. झोपेची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट सांगायलाच हवी.

दोष जेवणाचा आहे की आणखी कशाचा, हे शोधणं अवघड नाही. दोन आठवडे एका वहीत जेवण संपल्याची वेळ, ताटात काय होतं, गोळीची वेळ, अंदाजे झोप लागली ती वेळ आणि सकाळी डोकं जड होतं का, एवढं लिहा. हलक्या, लवकर जेवणाच्या रात्री झोप वेळेवर लागते आणि भरपेट रात्रींना लागत नाही, असं दिसलं तर डोस वाढवायची गरज नाही, ताटाची वेळ बदलायची आहे. पोट हलकं असूनही गोळी चालत नसेल, तर कारण दुसरं असेल: घोरण्याचा आजार, नैराश्य, संध्याकाळचा चहा, दुसरं एखादं औषध किंवा शरीराला झालेली सवय. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि कोणत्याही रात्री, झोप कितीही उशिरा लागली, तरी दुसरी गोळी घेऊ नका.